नव्या क्लायंटला वेळ, फोन आणि सुट्टीबद्दल आधीच कसं सांगावं: जीएसटीच्या कामातून

प्रश्न: मी सांगलीत जीएसटी रिटर्न आणि हिशेबाचं काम करते, ऑफिस सुरू करून वर्ष झालं. पुढच्या महिन्यापासून हार्डवेअरचे एक घाऊक व्यापारी माझ्याकडे येत आहेत. उलाढाल सहा कोटींच्या आसपास, वडिलांच्या ओळखीतले, मी त्यांना काकाच म्हणते. त्यांच्या आधीच्या सल्लागाराला ते रात्री अकरालाही फोन करायचे. त्यांचा मुलगा आणि मुनीमजीही वेगवेगळे मेसेज पाठवतात. किती वेळात उत्तर मिळेल, कुठे मेसेज करायचा, ऑफिस बंद झाल्यावर काय करायचं, हे त्यांना न दुखावता कसं सांगू?

उत्तर:

हे बोलणं फी ठरते त्याच बैठकीत व्हायला हवं, पहिलं बिल हातात यायच्या आधी. महिनाभर काम झाल्यावर तीच गोष्ट सांगितली की तक्रार वाटते. सुरुवातीला सांगितली तर ती तुमच्या ऑफिसची पद्धत असते. फोनवर किंवा मेसेजवर सांगू नका. दुकानात जा, आणि काका, मुलगा व मुनीमजी तिघेही समोर असतील अशी वेळ निवडा. दुपारी दोन ते चारच्या मधे घाऊक दुकानात गर्दी कमी असते. तिघे हवेत याचं कारण साधं आहे. काकांनी मान डोलावली तरी मेसेज मुनीमजी करणार, आणि त्यांनी काही ऐकलेलंच नसणार.

जाण्याआधी घरी बसून एक काम करा. या क्लायंटच्या कामात थांबल्याने खरंच नुकसान होतं ते कशात, आणि सकाळपर्यंत थांबलं तर काहीच बिघडत नाही ते कशात, हे कागदावर वेगळं करा. तुमच्या वेळा या यादीवरून ठरल्या पाहिजेत. "सातनंतर फोन नको" एवढंच सांगितलं तर काका मनात म्हणतील, गाडी अडली तर काय करू? आणि त्यांचं बरोबर असेल. ज्याला या प्रश्नाचं उत्तर आधीच मिळालंय तो माणूस बाकीच्या गोष्टींसाठी सहज थांबतो.

उलाढाल पाच कोटींच्या वर आहे, म्हणजे रिटर्न दर महिन्याला, आणि दुसऱ्या व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांना ई-इनव्हॉइस लागू. महिन्याचे दोन दिवस पक्के आहेत: ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी. उशीर झाला तर ३बीला दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि भरायच्या करावर दरसाल १८ टक्के व्याज. हे आकडे काकांना धाक घालायला वापरू नका. तुम्ही बिलं ५ तारखेपर्यंत का मागताय याचं कारण म्हणून सांगा.

उत्तराची वेळ: पोच वेगळी, उत्तर वेगळं

बहुतेक जण "चोवीस तासांत उत्तर देऊ" म्हणतात आणि तिथेच फसतात. क्लायंटला दोन गोष्टी हव्या असतात. आपला मेसेज पोचला का, ही पहिली. उत्तर काय, ही दुसरी. पहिली लगेच मिळाली की दुसरीसाठी त्याला थांबता येतं. पोच मिळाली नाही तर तो पुन्हा मेसेज करतो, मग फोन करतो, मग तुमच्या वडिलांना फोन करतो.

म्हणून दोन वेळा वेगळ्या सांगा. कामाच्या वेळेत आलेल्या मेसेजला दोन तासांत पोच: "मिळालं काका, उद्या संध्याकाळपर्यंत सांगते." उत्तर पुढच्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत. ज्याला शोधाशोध लागते असा प्रश्न असेल, उदाहरणार्थ नव्या मालाचा एचएसएन कोड कोणता, दुकानासाठी घेतलेल्या गाडीवरचं क्रेडिट मिळतं का, तर तीन कामाचे दिवस. हे तीन दिवस पोच देतानाच सांगा, नंतर नाही.

"कामाचा दिवस" म्हणजे काय तेही उदाहरण देऊन सांगा, कारण व्यापाऱ्याचा दिवस आणि ऑफिसचा दिवस एक नसतो. समजा तुमचं ऑफिस सोमवार ते शनिवार, साडेदहा ते साडेसहा. शनिवारी संध्याकाळी सातला आलेला मेसेज सोमवारी सकाळी आला असं धरायचं, म्हणजे पोच सोमवारी साडेबारापर्यंत आणि उत्तर मंगळवारी सहापर्यंत. हे उदाहरण मोठ्याने सांगितल्याशिवाय काकांच्या मनात "उद्या" म्हणजे रविवारच राहणार.

महिन्यातले सहा दिवस यातून बाजूला काढा: ९, १०, ११ आणि १८, १९, २०. या दिवसांत रिटर्नशी संबंध नसलेल्या प्रश्नांना फक्त पोच मिळेल, उत्तर १२ किंवा २१ तारखेनंतर. हे सांगायला संकोच वाटेल, पण व्यापाऱ्याला ते सगळ्यात लवकर पटतं. दिवाळीच्या आठवड्यात त्यांच्याही दुकानात उधारीच्या हिशेबाला कोणी बसत नाही.

एक सावधगिरी. वेळ सांगताना तुम्हाला नेहमी जमते त्याच्या दीडपट सांगा. चार तासांत उत्तर देता येतं म्हणून चार तास कबूल केलेत, आणि एका दिवशी पोर्टल चाललं नाही, तर तुमचाच शब्द मोडला. तुमचा शब्द दोनदा मोडला की काकांनी त्यांचा पाळावा अशी अपेक्षा करता येत नाही.

कोणती गोष्ट कुठे पाठवायची

व्हॉट्सअॅप बंद करायचा प्रयत्न करू नका. काका ते सोडणार नाहीत, आणि सोडायची गरजही नाही. अडचण व्हॉट्सअॅपवर बिलं येतात तेव्हा होते. मुनीमजी काउंटरवर वाकून बिलाचा फोटो काढतात, त्यावर सावली पडते, फोटो पाठवताना तो लहान होतो, आणि जीएसटी क्रमांकातला ८ आणि बी एकसारखे दिसू लागतात. दहा दिवसांनी तेच बिल शोधायला गेलात की ते सुप्रभातच्या फुलांमधे आणि मुलाच्या व्हॉइस मेसेजमधे हरवलेलं असतं. "मी तर पाठवलं होतं" आणि "मला तर मिळालं नाही" हे भांडण इथून सुरू होतं.

म्हणून वाटणी अशी करा. बिलं, बँकेचं स्टेटमेंट आणि टॅलीचा बॅकअप ई-मेलवर किंवा एका शेअर केलेल्या ड्राइव्ह फोल्डरमधे. फोल्डर महिन्याच्या नावाने, आत दोनच कप्पे, विक्री आणि खरेदी. जास्त कप्पे केलेत तर मुनीमजी सगळं पहिल्याच कप्प्यात टाकतील. छोटा प्रश्न किंवा निरोप व्हॉट्सअॅपवर, ऑफिसच्याच नंबरवर. बिल व्हॉट्सअॅपवर पाठवणं अगदीच भाग पडलं तर फोटो म्हणून न पाठवता Document म्हणून. मुनीमजींच्या फोनवर तिथल्या तिथे एकदा करून दाखवा, दोन मिनिटं लागतात. पासवर्ड मात्र मेसेजवर कधीच नको.

ऑफिससाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस टाका. काकांकडे तुमचा घरचा नंबर आधीपासून असणार, वडिलांच्या ओळखीतले आहेत म्हटल्यावर. तो काढून घेता येत नाही. त्या नंबरवर कामाचा मेसेज आला तर उत्तर तिथे न देता ऑफिसच्या नंबरवरून द्या: "काका, तुमचा मेसेज पाहिला, कामाचं सगळं एका ठिकाणी राहावं म्हणून इथून उत्तर देते." असं सलग चार-पाच वेळा झालं की माणूस आपोआप त्या नंबरवर येतो. घरच्या नंबरवरून एकदा जरी उत्तर दिलंत तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्यांच्या बाजूनेही एकच माणूस ठरवून घ्या. रोजच्या कामासाठी मुनीमजी, आणि पैसे किंवा निर्णय असेल तर काका. मुलाने काही विचारलं तर प्रेमाने उत्तर द्या, पण तेच उत्तर मुनीमजींनाही पाठवा. नाहीतर एकाच बिलाबद्दल तिघांना तीन वेळा सांगत बसाल.

याच बैठकीत एक तपासणी कराच. पोर्टलवर नोंदलेला मोबाइल आणि ई-मेल कोणाचा आहे? अनेकदा तो आधीच्या सल्लागाराचा निघतो. मग ओटीपी त्याला जातो, नोटिशीची सूचनाही त्यालाच, आणि तुमच्या सगळ्या ठरवलेल्या वेळांना काही अर्थ उरत नाही. नोंदणीतल्या नॉन-कोअर दुरुस्तीतून तो काकांचा करून घ्या आणि मगच काम हाती घ्या. नोटिस आली का हे पाहायची जबाबदारी कोणाची, तेही इथेच ठरवा. माझ्या मते ती तुम्ही घ्यावी: दर सोमवारी पोर्टल उघडून पाहायचं, काही असेल तर त्याच दिवशी काकांना कळवायचं. नोटिशींना मुदत असते आणि काहींची फार कमी, उदाहरणार्थ जीएसटीआर-१ आणि ३बी यांतल्या फरकाबद्दल येणाऱ्या सूचनेला फक्त ७ दिवस. तुम्ही आठवड्याला पाहताय हे काकांना माहीत असलं की "काही आलं तर नाही ना?" हा रात्रीचा मेसेज बंद होतो.

ऑफिस बंद झाल्यावर

आता मूळ दुखणं. रात्री फोन करण्यासारखं या धंद्यात नक्की काय घडतं?

गाडी अडवली जाते, हे पहिलं. रस्त्यात अधिकाऱ्याने गाडी थांबवून कागद मागितले तर चालक घाबरून मालकाला फोन करतो आणि मालक तुम्हाला. दंडाचा हिशेब रात्री होत नाही; माल अडकवला तर नोटिस आणि आदेश यांना कायद्याने दिवसांची मुदत ठरलेली आहे. पण चालकाचा जबाब त्याच वेळी लिहून घेतला जातो, आणि न वाचता सही केलेला कागद पुढे जड जातो. म्हणून हा फोन तुम्ही रात्री घ्यायलाच हवा. पाच मिनिटांचं काम असतं: चालकाने काय लिहून दिलंय ते वाचून घ्यायला सांगा, मिळालेल्या प्रत्येक कागदाचा फोटो मागवा, ई-वे बिल आणि इनव्हॉइस पाठवा. बाकी सकाळी.

दुकानावर किंवा गोदामावर अधिकारी येणं, हे दुसरं. कधीही आले तरी फोन.

तिसरी गोष्ट, रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे ११ आणि २० तारखेला, फाइलिंग अर्धवट राहिलेलं असणं. त्या दोन दिवशी तुम्ही रात्री दहापर्यंत फोनवर आहात असं आपणहून सांगा. तुम्ही स्वतःहून दिलेल्या या दोन रात्रींमुळे बाकीच्या अठ्ठावीस रात्रींचं बोलणं सोपं होतं.

बस, या तीनच. यादी लिहून द्या, आणि ती वाढू देऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, ई-वे बिलाची मुदत संपतेय, चुकीचं इनव्हॉइस गेलंय, हे फोन तर रात्रीच येतात. खरं आहे, पण यातले बहुतेक दिवसा उरकता येतात, फक्त नियम नीट माहीत हवा. एक उदाहरण पूर्ण पाहू.

सोमवारी संध्याकाळी पाचला सांगलीहून ४५० किलोमीटरवरच्या गावी माल निघाला. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे तीन दिवसांची मुदत. पहिला दिवस मंगळवारी मध्यरात्री संपतो, तेव्हा बिल गुरुवारी मध्यरात्रीपर्यंत चालतं. गाडी वाटेत बंद पडली आणि गुरुवारी पोचणार नाही. मुदतवाढ मुदत संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत करता येते. म्हणजे गुरुवारी दुपारी चारपासून शुक्रवारी सकाळी आठपर्यंत. दुपारी चारला तुमचं ऑफिस उघडं आहे! मुनीमजींनी रोज दुपारी चारला एक नजर टाकायची: आज रात्री कुठल्या गाडीचं बिल संपतंय आणि गाडी पोचली का? नसेल पोचली तर तेव्हाच तुम्हाला कळवायचं. शिवाय ई-वे बिलावर ट्रान्सपोर्टरची नोंद असेल तर मुदतवाढ त्यालाच करायची असते, तुमच्या हातात काही नसतं. अशा वेळी रात्रीचा फोन ट्रान्सपोर्टरला जायला हवा, तुम्हाला नाही. हे काकांना कोणीच सांगितलेलं नसतं.

गाडी बदलली तर नवा नंबर ई-वे बिलाच्या भाग-बमधे टाकून मगच पुढे निघायचं असतं. हेही ट्रान्सपोर्टरला करता येतं, आणि नसेल तर मुनीमजींना. त्यांना एका दुपारी शिकवा.

ई-इनव्हॉइसचं गणित थोडं वेगळं आहे. चुकीचं इनव्हॉइस रद्द करायला ते बनल्यापासून २४ तास मिळतात. बुधवारी रात्री आठला बनलेल्या इनव्हॉइसमधे चूक निघाली तर ते गुरुवारी सकाळी साडेदहाला रद्द करूनही चालतं, घाई नाही. पण शनिवारी रात्री आठला बनलेल्या इनव्हॉइसची मुदत रविवारी रात्री आठला संपते, आणि मधे तुमचं ऑफिस एक मिनिटही उघडलेलं नाही. यासाठी रविवारी फोन घेण्यापेक्षा मुनीमजींना रद्द करायला शिकवा. एक अडथळा लक्षात ठेवायला सांगा: त्या इनव्हॉइसवर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, त्याशिवाय इनव्हॉइस रद्द होत नाही. आणि २४ तास उलटून गेलेच तरी आकाश कोसळत नाही, सोमवारी क्रेडिट नोट काढून दुरुस्त करता येतं. एवढं एका कागदावर लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवलंत तर पुष्कळ फोन वाचतात.

आता खऱ्या अडचणीचा फोन रात्री वाजावा आणि बाकी काही वाजू नये यासाठी फोनची सोय वापरा. ऑफिसचा नंबर असलेल्या फोनवर संध्याकाळी साडेसात ते सकाळी साडेनऊ Do Not Disturb लावा आणि लागोपाठ येणाऱ्या फोनला परवानगी द्या. अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो. आयफोनवर हा अवधी तीन मिनिटांचा आहे. काकांना सांगायचं: "रात्री गाडी अडली तर लगेच दोनदा फोन करा, दुसरा मला ऐकू येतोच." हे वाक्य ऐकून माणूस निर्धास्त होतो. आणि दुसऱ्यांदा फोन लावावा इतकं हे खरंच मोठं आहे का, याचा विचार तो पहिल्या फोननंतरच करतो.

व्हॉट्सअॅप बिझनेसमधे Away message लावा आणि तो कामाच्या वेळेबाहेरच जाईल असं ठेवा. फोनवर इंटरनेट बंद असेल तर हा मेसेज जात नाही, तेव्हा रात्री डेटा बंद करून झोपायची सवय असेल तर वायफाय चालू राहू द्या. मजकूर छोटा ठेवा:

"नमस्कार. ऑफिस सकाळी साडेदहाला उघडेल, तेव्हा आपला मेसेज पाहून उत्तर देते. गाडी अडली असेल किंवा दुकानावर अधिकारी आले असतील तर कृपया याच नंबरवर लागोपाठ दोनदा फोन करा."

"आम्ही सध्या उपलब्ध नाही" असं लिहू नका. त्यातून काकांना कळतं फक्त दार बंद आहे एवढं, ते कधी उघडणार आणि तोवर काय करायचं हे कळत नाही.

रात्रीच्या फोनचे वेगळे पैसे घ्यावेत का? काही जण घेतात. या क्लायंटसाठी मी सुरुवातीला घेऊ नये असं सांगेन. पैसे लावले की रात्र विकत घेता येते असा अर्थ होतो, आणि सहा कोटींच्या धंद्याला पाचशे रुपये जड नसतात. यादी तीनच गोष्टींची ठेवा आणि त्या फुकट करा.

तोंडी कसं सांगायचं

"माझी पॉलिसी आहे", "माझे नियम आहेत" हे शब्द या घरात बोचतील. "कामाची पद्धत" म्हणा. आणि सुरुवात त्यांच्या अडचणीपासून करा:

"काका, तुमचं रिटर्न एकदाही उशिरा जाऊ नये असं मला वाटतं. त्यासाठी माझ्याकडे कामाची एक पद्धत आहे, ती तुम्हाला सांगते, आणि त्यात तुमच्या दुकानाच्या सोयीने काही बदलायचं असेल तर आत्ताच सांगा."

शेवटचं वाक्य मनापासून म्हणा. त्यांनी "आमचं दुकान रविवारी चालू असतं, मंगळवारी बंद" असं सांगितलं तर बिलांची तारीख त्याप्रमाणे हलवा. एखादी गोष्ट त्यांच्या सांगण्यावरून ठरली की पद्धत दोघांची होते. पण रविवार तुमचा सुट्टीचा आहे, तो देऊ नका.

काका म्हणतील, "अगं, तू तर घरचीच, तुला फोन करायला वेळ कशाला बघायची?" यावर हसून गप्प बसलात तर सगळं गेलं. म्हणा: "घरचीच आहे काका, म्हणून तर अडचणीत दोनदा फोन केला की मी उठणारच. पण बिलाचा प्रश्न रात्री झोपेत सांगितला तर माझ्याकडून आकडा चुकेल, आणि भुर्दंड तुम्हाला पडेल." हे खरं आहे, आणि व्यापाऱ्याला आकडा चुकण्याची भीती लगेच समजते.

त्याच संध्याकाळी, साडेसहाच्या आत, ठरलेलं सगळं लिहून पाठवा. साधारण असं:

"नमस्कार काका,
आज बोलल्याप्रमाणे कामाची पद्धत लिहून पाठवते.
बिलं आणि बँक स्टेटमेंट: दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत ई-मेलवर किंवा ड्राइव्हमधे. मुनीमजी पाठवतील.
प्रश्न किंवा निरोप: या नंबरवर व्हॉट्सअॅप. सोमवार ते शनिवार साडेदहा ते साडेसहा. दोन तासांत पोच, पुढच्या कामाच्या दिवशी सहापर्यंत उत्तर.
९ ते ११ आणि १८ ते २० या तारखांना रिटर्नचंच काम, बाकीची उत्तरं त्यानंतर.
कराची रक्कम १७ तारखेला कळवेन. पैसे १९ तारखेला दुपारपर्यंत भरावेत. त्याच दिवशी चार वाजता ओटीपीसाठी फोन करेन, तेव्हा मोबाइल जवळ असू द्यावा.
गाडी अडली किंवा दुकानावर अधिकारी आले तर कधीही, आणि ११ व २० तारखेला फाइलिंग अडलं तर रात्री दहापर्यंत, लागोपाठ दोनदा फोन.
काही बदल हवा असेल तर जरूर सांगा."

ओटीपीची वेळ या मजकुरात मुद्दाम आहे. ओटीपी थोड्याच मिनिटांत संपतो, आणि काका जेवायला बसलेले, मोबाइल दुकानात, असं झालं की तीन वेळा पाठवून रात्र होते. तुम्ही त्यांना वेळी-अवेळी फोन करू लागलात तर त्यांनी का करू नये? मर्यादा तुमच्याकडूनही पाळली गेली पाहिजे. १९ ला चार वाजता म्हणजे चारच वाजता. आणि १७ तारखेमागेही कारण आहे: २बी १४ तारखेला तयार होतं, खरेदीची बिलं त्याच्याशी जुळवायला दोन-तीन दिवस लागतात, त्याआधी रक्कम विचारली तरी खात्रीने सांगता येत नाही.

पहिले तीन आठवडे

पद्धत मोडली जाईलच, बहुधा पहिल्याच आठवड्यात. रात्री पावणेअकराला मुनीमजींचा मेसेज: "मॅडम, हे बिल कोणत्या महिन्यात धरायचं?" उत्तर तुम्हाला येतं आणि दहा सेकंदांचं काम आहे. तरीही देऊ नका. ते एक उत्तर साऱ्या बैठकीपेक्षा मोठ्याने बोलतं: ऑफिस खरं पावणेअकरालाही उघडं आहे. मेसेज उघडूही नका, निळ्या खुणा दिसतात. त्या सेटिंगमधून बंद करता येतात, पण ग्रुपमधे ते लागू होत नाही. क्लायंटसोबत व्हॉट्सअॅप ग्रुप करू नये असं मला वाटतं, त्याचं हेही एक कारण.

सकाळी साडेदहाला नेहमीसारखं, टोमणा न मारता उत्तर द्या. "काल रात्री उशीर झाला होता म्हणून" असंही म्हणू नका, त्यातून माफी मागितल्यासारखं होतं. तिसऱ्यांदा असंच झालं तर मेसेजवर नाही, दिवसा फोन करून बोला: "मुनीमजी, तुमचं दुकान नऊला बंद होतं, मग तुम्ही बिलं बघता, हे मला कळतं. मनात आलेला प्रश्न तेव्हाच टाकून ठेवा, हरकत नाही, मी सकाळी पहिल्यांदा तेच बघेन." अनेकांना रात्री उत्तर नकोच असतं, प्रश्न डोक्यातून उतरवायचा असतो. अशांना मेसेज करायचीच बंदी केली तर ते तो प्रश्न विसरतात आणि बिल राहून जातं.

बिलं ५ ऐवजी १० तारखेला आली तर? हातात आहे तेवढ्यावर जीएसटीआर-१ वेळेत भरा. राहिलेली बिलं ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१एमधे घालता येतात, आणि हे तेव्हाच लिहून कळवा: "५ नंतर आलेली चार बिलं १एमधे घेतली." रात्र जागून सगळं उरकलंत तर पुढच्या महिन्यात बिलं १० लाच येतील, याबद्दल शंका नको.

वडिलांमार्फत निरोप आला, "अगं, अमुक काकांचा फोन होता, जरा बघ", तर वडिलांना आधीच सांगून ठेवा की त्यांनी एवढंच म्हणावं: "ऑफिसच्या नंबरवर टाका, ती लगेच बघते." आणि तसा मेसेज आला की पोच खरंच लवकर द्या, अर्ध्या तासात. ऑफिसच्या नंबरवरून काम लवकर होतं हे दिसलं की वडिलांचा रस्ता आपोआप बंद पडतो.

पहिले तीन महिने वहीच्या एका पानावर ऑफिसच्या वेळेबाहेर आलेला प्रत्येक फोन लिहा: तारीख, वेळ, कोणी केला, कशासाठी. तीन महिन्यांनी पान पाहा. बहुतेक फोन मुनीमजींचे आणि ई-वे बिलाचे असतील तर त्यांना अजून एक दुपार शिकवायची गरज आहे. एकाच ट्रान्सपोर्टरच्या गाड्यांचे असतील तर ते काकांना पानासकट दाखवा, ट्रान्सपोर्टरशी बोलायचं काम त्यांचं. आणि गाड्या खरोखरच दर आठवड्याला अडत असतील तर ते तीन गोष्टींच्या यादीत मावणारं काम राहिलेलं नाही. त्यासाठी वेगळा माणूस आणि वेगळी फी, हे बोलणं पुन्हा दुकानात, दुपारी दोन ते चारच्या मधे, तिघांसमोर करा.